चष्मा, लेन्स की लेझर?

लेझर केलं की चष्म्याचा खर्च कायमचा सुटतो, असं आमच्या धर्मापुरीतली तरुण मुलं म्हणतात. मला हा हिशेब अर्धाच वाटतो.

पंचवीस वर्षांचा मुलगा घ्या. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लेझर करूनही बहुधा लागतोच, म्हणून हिशेब 15 वर्षांचाच धरू. चष्म्यावर दर दोन वर्षांनी 2,000 रुपये गेले, तर एकूण 15 हजार होतात. लेन्स आणि त्यांच्या द्रावणाला महिना 600 धरले, तर 1 लाख 8 हजार.

लेझर 60 हजारांत ठरलं, तरी खर्च तिथे थांबत नाही. आधी तपासणी, मग शस्त्रक्रिया आणि दुसऱ्या दिवशीची पाहणी, नंतर आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. पुण्याला सोबतच्या माणसासह या पाच फेऱ्यांचे 10 हजार धरा. झाले 70 हजार. डोळे कोरडे पडले तर थेंबांचा खर्च वेगळा.

लेन्सवाल्याचे पैसे दहाव्या वर्षी वसूल होतात, चष्मेवाल्याचे कधीच नाहीत. म्हणून रोज लेन्स लावणाऱ्याने, नंबर वर्षभर स्थिर असेल आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा पुरेसा जाड असेल, तर लेझरचा विचार जरूर करावा. चष्मेवाल्याने मात्र ती सोय विकत घ्यावी, बचत समजू नये.