पावणेचार मिनिटांची बाई

महाप्याच्या एका आयटी कंपनीत भाची मॅनेजर झाली. पहिल्या मीटिंगला दोन मिनिटं ओळख करून द्यायची, म्हणून आदल्या रात्री तिने एचआरने सगळ्यांना मेल केलेला परिचयच मला वाचून दाखवला. घड्याळ लावलं: पावणेचार मिनिटं! शिवाय ‘त्यांनी’ हे केलं, ‘त्यांना’ ते मिळालं; जणू सत्काराचं मानपत्र. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत जेमतेम सव्वादोनशे शब्द बसतात. म्हणून पदव्या, सर्टिफिकेटं, जुन्या कंपन्या उडवल्या. ते मेलमध्ये आहेच. एकच प्रसंग ठेवला: रात्रपाळीत सर्व्हर बसला, हिने घाईत क्लायंटला चुकीचं कारण कळवलं आणि एका ज्युनिअरने ते पकडलं. तो ‘मी’ लावून, चाळीस सेकंदांत. मग थेट कामाचं: या आठवड्यात प्रत्येकाशी अर्धा तास बोलेन, महिनाभर पाळ्या बदलणार नाही. ‘मोठे बदल’ मात्र मी खोडलं. नव्या साहेबाच्या तोंडी ते आलं की माणसं आपली खुर्ची चाचपतात. संध्याकाळी घणसोली स्टेशनवरून तिचा फोन आला. पदवीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. पहिला प्रश्न आला तो, महिन्यानंतर पाळ्यांचं काय?