ईदची कमाई आणि बारा महिन्यांचा पगार

माझा धाकटा भाऊ टेलर आहे. शाबान आणि रमजान या दोन महिन्यांत दुकानखर्च वजा जाऊन त्याच्या हातात १,४०,००० रुपये येतात. बाकीचे दहा महिने सरासरी १६,०००. एका एजंटाने त्याला दरमहा ५,००० ची एसआयपी लावून दिली. मोहरममध्ये खातं रिकामं, हप्ता परत गेला, वर बँकेने दंड कापला. भाऊ म्हणाला, "भाईजान, बचत पगारदारांनी करावी." माझ्या मते चूक बचतीची नव्हती, दरमहा हप्त्याची होती.

आता दुकानाचं खातं वेगळं आहे. सगळी कमाई तिथे जमा होते आणि भाऊ एक तारखेला स्वतःला १८,००० पगार देतो, रमजान असो की पावसाळा. दहा महिन्यांची तूट भरूनही वर्षाला ८४,००० उरतात.

पहिल्या वर्षी त्यातले ७२,०००, म्हणजे चार महिन्यांचा घरखर्च, अडीअडचणीसाठी बचत खात्यात टाकले. त्यावरचं व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूंना देतो. दुसऱ्या वर्षापासून म्हातारपणाची रक्कम ईदनंतर एकदाच बाजूला पडते. व्याज नको म्हणून पीपीएफ टाळायचं आणि मग काहीच करायचं नाही, हे मला पटत नाही. टाटा एथिकलसारखे फंड शरियतच्या निकषांवर शेअर निवडतात. शेअर आहेत, भाव पडतो. म्हणून दवाखान्याचे पैसे तिथे नाहीत.

जकातीचा हिशोब दोन्हींचा होतो. तो भाऊ रमजानातच करतो, दुकान बंद झाल्यावर, रात्री.