फोटोतली पणती लावायची? मग पणतीखालचा अंधारही दाखवा

दिवाळीच्या ऑर्डर्स हव्या असतील तर पणत्यांचे फोटो महिना-दीड महिना आधी तयार लागतात. ते बहुतेक वेळा दुपारी, खिडकीजवळ काढलेले असतात आणि पणत्या लावलेल्या नसतात. त्यामागे कारणही आहे. मातीची पणती एकदा तेल प्यायली की डाग जात नाही आणि काजळी लागलेला नग कोणी विकत घेत नाही. म्हणून आपण न लावलेल्या पणतीच्या फोटोवर नंतर ज्योत चढवतो.

यात गैर काही नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: विकायच्या सगळ्या पणत्या कोऱ्या ठेवा, पण त्याच मालातली एक पणती खरंच लावा. ती एक पणती लावल्याशिवाय ज्योत चढवलेला फोटो बाहेर टाकू नका. का ते सांगतो.

समजा, तुमचा सहा रंगीत पणत्यांचा सेट आहे. पितळी ताटात मांडलाय, बाजूला झेंडूची फुलं आणि रांगोळी. आता त्यातली समोरची पणती तुम्हाला लावलेली दाखवायची आहे. तर रात्री खोलीतले दिवे घालवा आणि नमुन्याची पणती तशाच ताटात, तशाच जागी लावा. मोबाइलच्या स्क्रीनवर ज्योतीवर बोट टेकवा आणि उजेड कमी करत न्या, म्हणजे ज्योत पांढरा ठिपका न होता तिचा पिवळा रंग आणि आकार दिसेल. दुसरा फोटो ताट नीट दिसेल इतक्या उजेडाचा काढा. पहिल्या फोटोतून ज्योत मिळेल, दुसऱ्यातून उजेड कुठे पडतो ते कळेल.

दुसरा फोटो नीट बघा. आपल्याकडे म्हणतातच, दिव्याखाली अंधार. ज्योत असते चोचीवर, काठाच्या वर. त्यामुळे पणतीची आतली बाजू उजळते, पण बाहेरची बाजू आणि पणतीच्या बुडाशी असलेली जागा काठाच्या सावलीत राहते. उजेड थोडा पुढे, ताटावर पडतो. बहुतेक लोक पणतीभोवती गोल केशरी धूर काढतात, अगदी बुडाखालीसुद्धा. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो तो इथेच.

आता प्रत्यक्ष काम. मी फोटोपी वापरतो. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं.

आधी मूळ फोटो गडद करा. भर दुपारच्या उजेडात पणतीचा उजेड दिसतच नाही, मग फोटोत कुठून दिसणार? `Curves` नावाचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि रेषेचा मधला भाग खाली ओढा. संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं की थांबा.

मग उजेड. इथे केशरी रंगाचा ब्रश फिरवू नका. खरा उजेड वस्तूवर रंग फासत नाही, वस्तूचा आपला रंग उजळवतो. झेंडू जास्त पेटून उठतो, पण ताटाखालचं काळं कापड जवळपास काळंच राहतं. त्यामुळे दुसरा `Curves` लेयर घ्या. या वेळी रेष वर ओढा, मग `Red` थोडा वाढवा आणि `Blue` बराच कमी करा. सगळा फोटो उबदार होईल. आता त्या लेयरचा मास्क निवडून `Ctrl + I` दाबा. परिणाम झाकला जाईल. मग मऊ कडांचा पांढरा ब्रश घ्या, त्याची `Opacity` 20 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मास्कवर फक्त तिथेच फिरवा जिथे नमुन्याच्या फोटोत उजेड होता: पणतीची आतली बाजू, समोरचं ताट, झेंडूच्या ज्योतीकडच्या पाकळ्या. पणतीचं बूड आणि झेंडूची मागची बाजू सोडून द्या.

उजेड किती लांबपर्यंत न्यायचा? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. म्हणजे ज्योतीपासून 5 सेंटिमीटरवरच्या फुलावर जेवढा उजेड आहे, त्याच्या पावपटच 10 सेंटिमीटरवरच्या फुलावर. म्हणून जवळ तीन-चार हात फिरवा, लांब एकच. एका पणतीने मागची अख्खी भिंत उजळलेली दाखवली की फोटो फसला.

शेवटी ज्योत. काळ्या पार्श्वभूमीवरचा तुमचा ज्योतीचा फोटो सगळ्यात वर ठेवा आणि लेयरचा प्रकार `Screen` करा. काळा भाग आपोआप नाहीसा होतो. ताट तिरकं असलं तरी ज्योत उभीच ठेवा. वातीचं टोक काळं करायला विसरू नका. पांढऱ्याशुभ्र वातीवर ज्योत कधीच नसते. आणि पणतीत तेल दिसलं पाहिजे. कोरड्या पणतीतली ज्योत आपल्याकडची कुठलीही आजी एका नजरेत ओळखेल. त्यासाठी मूळ फोटो काढतानाच समोरच्या पणतीत थोडं पाणी घाला. फोटोत ते तेलासारखं चमकतं आणि पुसलं की बहुतेक वेळा डाग राहत नाही. तरी कच्च्या रंगाच्या पणतीवर आधी एका नगावर करून बघा.

एवढं जमलं की फोटो छान होईल. पण धंद्याचा खरा प्रश्न पुढे आहे.

पहिला मुद्दा रंगाचा. पिवळ्या उजेडात निळा रंग काळपट दिसतो आणि पांढरा-पिवळा यातला फरक कळत नाही. गिऱ्हाईकाने उजळलेला फोटो बघून ‘क्रीम’ समजून मागवलं आणि घरी पांढरं निघालं, तर सेट परत येणार, आणि येता-जाता एखादी पणती फुटणार. म्हणून विक्रीच्या पानावर पहिला फोटो दिवसाच्या उजेडातला, न लावलेल्या पणतीचा. ज्योतीचा फोटो दुसरा. शुभेच्छांच्या पोस्टला मात्र ज्योतीचा फोटो बिनधास्त वापरा.

दुसरा मुद्दा जास्त मोठा. ज्योत दाखवलीत म्हणजे तुम्ही गिऱ्हाईकाला सांगितलंत की ही पणती लावता येते. काठावर गोंदाने मोती चिकटवलेत, लेस लावलीय, किंवा एमडीएफच्या स्टँडमध्ये दिवा बसवलाय, तर ते खरं आहे का? हे स्क्रीनवर कळत नाही. नमुन्याची पणती तेल संपेपर्यंत, नजरेसमोर लावून ठेवली की कळतं. मोती सुटतात का, रंगाचा वास येतो का, बुडातून तेल झिरपून खालची रांगोळी तेलकट होते का, ते बघा. यातलं एकही झालं, तर त्या मालाच्या फोटोवर ज्योत चढवू नका. ‘फक्त शोभेसाठी’ असं ठळक लिहा आणि फोटो तसाच, न लावलेला ठेवा. मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही दिशाभूल करणारी ठरते. पण कायदा राहू द्या, कोणाच्या तरी देवघरात, पडद्याजवळ ती पणती लागणार आहे.

म्हणून खर्च बघा: एक पणती, दोन चमचे तेल, एक वात. त्यात तुम्हाला ज्योतीचा फोटो मिळतो, उजेडाचा नकाशा मिळतो आणि मालाची परीक्षाही होते. या आठवड्यात फोटो काढायला बसाल, तेव्हा पहिली पणती कॅमेऱ्यासमोर नाही, ताटात लावा.