ठराव एकटा पाठवू नका

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, वनहक्काच्या दाव्यांचे ठराव लिहिताना एक वाक्य हमखास येतं : "पडताळणी अहवाल व पुरावे सोबत जोडले आहेत." वाक्य खोटं नसतं. कागद खरंच जोडलेले असतात. पण किती कागद, कोणते, किती पानांचे, हे ते वाक्य सांगत नाही. फाईल गावातून उपविभागीय समितीकडे जाते, तिथून बुलडाण्याला जिल्हा समितीकडे. वाटेत पिना निघतात, गठ्ठे सुटतात, एकाचा जबाब दुसऱ्याच्या फाईलला लागतो. मग पत्र येतं की पुरावा आढळत नाही. तेव्हा आपण म्हणतो, "साहेब, जोडला होता नं!" साहेब विचारतात, काय जोडलं होतं? याचं उत्तर ठरावातच लिहिलेलं नसेल तर आपल्या हातात काही राहत नाही.

म्हणून या अंकात आम्ही फक्त जोडपत्रांबद्दल लिहितो आहोत. सरकारी कचेरीत याला सहपत्र म्हणतात. शब्द कोणताही वापरा, पण सगळीकडे एकच वापरा.

समजा, एका पाड्याच्या ग्रामसभेत दावा क्रमांक ११ मंजूर करायचा आहे आणि त्याचा ठराव क्रमांक ७ आहे. या ठरावाला पाच कागद लागतात : हजेरीची यादी, वनहक्क समितीचा पडताळणी अहवाल, जमिनीचा नकाशा, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्याचा जबाब, आणि वनखात्याला व महसूल खात्याला पडताळणीची तारीख कळवल्याची पोच. त्यांना ७/१ ते ७/५ असे नंबर द्यायचे. पहिला आकडा ठरावाचा, दुसरा जोडपत्राचा. मग कागद कुठेही सापडला तरी तो कोणत्या ठरावाचा हे कळतं. नवं वर्ष लागलं की ठरावाचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होत असतील, तर वर्षही घाला, म्हणजे सातचे दोन ठराव होणार नाहीत.

ठरावात असं लिहा : "समितीचा पडताळणी अहवाल (जोडपत्र ७/२, पाने ३) सभेत वाचून दाखवला. वडीलधाऱ्यांचा जबाब (जोडपत्र ७/४, पाने २) वाचला. त्यावरून दावा क्रमांक ११ मान्य करण्यात येत आहे." ठरावाच्या शेवटी, सह्यांच्या वर, पाचही जोडपत्रांची यादी आणि एकूण पानं लिहा. आपल्या उदाहरणात हजेरी ४, अहवाल ३, नकाशा १, जबाब २ आणि पोच १, मिळून ११ पानं झाली.

आता उलट बाजूनं. प्रत्येक जोडपत्राच्या वरच्या कोपऱ्यात लिहा : "जोडपत्र ७/२, ठराव क्र. ७, ग्रामसभेची तारीख, ३ पैकी पान १." प्रत्येक पानावर समितीच्या अध्यक्षाची आणि सचिवाची सही घ्या. नकाशा मोठा असेल तर तो पाकिटात घडी करून ठेवा, पण नंबर पाकिटावर आणि नकाशावर, दोन्हीकडे टाका. पाकीट हरवतं, नकाशा राहतो. ठराव जोडपत्राचं नाव घेतो आणि जोडपत्र ठरावाचं नाव घेतं, तेव्हाच ती गाठ पक्की होते.

हजेरीच्या यादीबद्दल थोडं जास्त सांगतो. २०१२ मध्ये नियम सुधारले. त्याप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्यावर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी पाहिजेत. "कोरम पूर्ण होता" एवढंच लिहिलं तर या तीनपैकी एकही गोष्ट दिसत नाही. म्हणून आकडे ठरावातच घ्या : एकूण सभासद १६४, हजर ९७, त्यात बाया ४१, दावेदार ३० पैकी २२ हजर, यादी जोडपत्र ७/१. उद्या यादीचं एखादं पान फाटलं तरी आकडा ठरावात राहतो, आणि ठरावाचा आकडा यादीवरच्या सह्या व अंगठे मोजून ताडून पाहता येतो.

७/५ ची पोच एका पानाचीच आहे, पण तिच्यात मोठं बळ आहे. पडताळणीच्या वेळी वनखात्याच्या आणि महसूल खात्याच्या माणसांनी हजर राहून सही करायची, शेरा असेल तर तो लिहायचा, असा नियम १२-अ आहे. ते आले नाहीत आणि पुढे "आमचा माणूस हजर नव्हता" म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. फेरपडताळणीलाही ते आले नाहीत, तर पडताळणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. पण हे सिद्ध करायला दोन्ही वेळच्या पोचा लागतात. "नाकेदाराला तोंडी सांगितलं होतं" हे चालत नाही. पोचेवर घेणाऱ्याची सही, हुद्दा आणि तारीख पाहिजे. पोस्टानं पाठवलं असेल तर पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, कारण त्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते.

सभा झाल्यावर एखादा पुरावा हाती आला, तर तो जुन्या ठरावात घुसवू नका. मागची तारीख टाकणं तर अजिबात नको. शाई आणि नंबर जुळत नाहीत, आणि एका कागदामुळे सगळ्या वहीवर संशय येतो. तो कागद पुढच्या सभेत ठेवा, नवा ठराव करा आणि त्यात लिहा की हा कागद ठराव क्रमांक ७ च्या पुष्टीसाठी आहे. जुन्या ठरावाच्या समासात फक्त "पाहा : ठराव क्रमांक १२" असं लिहून सही करा.

पाठवताना प्रत पाठवा, मूळ नाही. कायद्यातही ग्रामसभेनं ठरावाची प्रत उपविभागीय समितीकडे पाठवायची असंच आहे. मूळ पाहायचं असेल तर दाखवून परत आणावं. सोबतच्या पत्रात मोजदाद लिहा : ठराव १, पाने २, जोडपत्रे ५, पाने ११, एकूण पाने १३. आपल्या प्रतीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घ्या. तेरा पानं मिळाल्याचा शिक्का असला की "पुरावा आढळत नाही" या पत्राला उत्तर देता येतं : तुमच्याकडे अमुक तारखेला पोचलेल्या तेरा पानांपैकी ७/४ कुठे आहे?

आता हे कागद किती वर्षं ठेवायचे? सरकारी कचेरीत कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा वर्षं, 'क' पाच वर्षं, आणि 'ड' एक वर्ष. मुदत संपली की कागद नष्ट होतो आणि ते नियमाला धरूनच असतं. गोम अशी की ठरावाची वही एका वर्गात आणि तिच्यासोबतच्या नोटिसा, पोचा, अहवाल दुसऱ्या फाईलला लागून खालच्या वर्गात गेले, तर ठराव उरतो आणि त्याचा आधार जातो. म्हणून कचेरीत दिलेल्या कागदाचा वर्ग विचारून घ्या आणि आपल्या नोंदवहीत लिहून ठेवा.

दहा वर्षं खूप वाटतात. पण हिशोब करून पाहा. वनहक्काचे नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि पहिले दावे त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत भरले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तो थांबवला आणि दावे नामंजूर करताना कोणती पद्धत पाळली हे राज्यांना विचारलं. म्हणजे दहा वर्षांच्या मुदतीचा कागद जेव्हा रद्दीत निघायचा, नेमकी तेव्हाच त्याची चौकशी सुरू झाली. २००८ ची नोटीस, २००९ चा अहवाल, हे सगळं ज्या गावाच्या पेटीत होतं त्याला बोलायला जागा होती.

म्हणून गावापुरता आमचा नियम सोपा आहे. दाव्याची नोंदवही, ठराव आणि त्याची सगळी जोडपत्रं कायम ठेवायची. पट्टा मिळाला तरी टाकायची नाहीत. वनहक्क वारसांकडे जातो, नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, आणि हद्दीचा वाद पट्ट्यानंतरच निघतो. दावा नामंजूर झाला असेल तर ते पत्र कोणत्या दिवशी हातात मिळालं, ते त्याच पत्रावर लिहून सही करा आणि पाकीटही ठेवा, कारण वरच्या समितीकडे दाद मागायला साठ दिवसांची मुदत असते. टाकायचंच असेल तर जादा झेरॉक्स आणि कच्चे मसुदे टाका, तेही काय टाकलं याची यादी करून.

बुलडाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथल्या पाड्याला पेसाचा आधार मिळत नाही. पण वनहक्क कायद्यात वनगाव आणि जुनी वस्तीही गाव म्हणून धरली जाते. तेव्हा गट ग्रामपंचायतीच्या कपाटावर विसंबू नका. पाड्याची वही पाड्यातच ठेवा, पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच. पिनांऐवजी सुताच्या दोऱ्यानं शिवा, पिना गंजून कागद खातात.

येत्या सभेच्या आधी प्रत्येक वनहक्क समितीनं जुनी वही उघडावी, जिथं "सोबत जोडले आहे" दिसेल तिथं थांबावं आणि तो कागद पेटीत आहे का ते पाहावं. असेल तर त्याला नंबर द्यावा आणि नंबर आज दिला असं तारखेसह लिहावं. नसेल तर माहिती अधिकारात साक्षांकित प्रत मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे. आलेली प्रत सभेत ठेवून नव्या ठरावानं नोंदवा, आणि ती कचेरीतून मिळालेली प्रत आहे हे त्यावर स्पष्ट लिहा.