नव्वद टक्के ऊर्जा जाते कुठे?

परिसंस्थेच्या धड्यावर प्रश्न विचारला की बहुतेक मुले एका दमात सांगतात, "एका पातळीकडून पुढच्या पातळीकडे दहा टक्के ऊर्जा जाते." उत्तर बरोबर असते. पण आम्ही पुढे विचारतो, "उरलेली नव्वद टक्के कुठे गेली?" तेव्हा वर्ग शांत होतो. कुणीतरी म्हणते, "नष्ट झाली." ऊर्जा नष्ट होत नाही, हे त्याच मुलाने भौतिकशास्त्रात लिहिलेले असते. या महिन्यात म्हणूनच हा हिशेब मांडून बघू.

ज्यांच्या घरी बकरी पाळली जाते, त्यांना अर्धे उत्तर ठाऊक आहे. बकरीपुढे पेंढी टाकली की ती पाला ओरबाडते, जाड काड्या तशाच सोडते. ही पहिली वजावट : जे तयार झाले, ते सगळे खाल्ले जात नाही. खाल्लेल्यातले बरेचसे लेंड्यांवाटे बाहेर पडते. ही दुसरी वजावट : जे खाल्ले, ते सगळे पचत नाही. शेणाची गोवरी वाळवून चुलीत घातली की पेटते. म्हणजे न पचलेल्या चाऱ्यात ऊर्जा शिल्लक होती, याचा पुरावा घरातच आहे. आता पचलेला भाग उरला. तोही सगळा अंगाला लागत नाही. चालणे, श्वास घेणे, अंग उबदार ठेवणे यात त्यातला मोठा वाटा खर्च होतो आणि उष्णता बनून हवेत जातो. ही तिसरी वजावट, तिला पुस्तकात श्वसन म्हणतात. या तिन्हींनंतर जे मांस, हाड, दूध म्हणून उरते, तेवढेच पुढच्या भक्षकाच्या वाट्याला येऊ शकते.

हा हिशेब एका खऱ्या जागी मोजला गेला आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे गोड्या पाण्याचे मोठे झरे आहेत. पाणी आरशासारखे स्वच्छ आणि वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे. तिथे हॉवर्ड ओडम या शास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि 1957 साली तो प्रसिद्ध झाला. वनस्पती ऊर्जा साठवतात तेव्हा ऑक्सिजन सोडतात आणि सजीव ती खर्च करतात तेव्हा ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन दिवसा आणि रात्री मोजून त्यांना जमाखर्च काढता आला. पुढचे सगळे आकडे एका चौरस मीटर जागेचे, एका वर्षाचे आणि किलोकॅलरीत आहेत.

पाणवनस्पती आणि शेवाळ यांनी सूर्यप्रकाशातून 20,810 बांधली. त्यातली 11,977 त्यांनी स्वतःच श्वसनात खर्च केली. म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा कुणी तोंड लावण्याआधीच गेली. शिल्लक राहिली 8,833. त्यातली फक्त 3,368 गोगलगायी, कीटकांच्या अळ्या, कासवे अशा शाकाहारी प्राण्यांच्या अंगात पोचली. बाकीची कुजणाऱ्या पानांबरोबर विघटकांकडे गेली किंवा प्रवाहाबरोबर खाली वाहून गेली. शाकाहारींनी आपल्या 3,368 पैकी 1,890 श्वसनात घालवली. 1,478 शरीरात उरली. त्यातली 383 छोट्या मांसाहारी माशांना मिळाली. त्यांनी 316 खर्च केली, 67 उरली. आणि शेवटी मोठ्या शिकारी माशांच्या वाट्याला आली अवघी 21.

आता पातळीपातळीची टक्केवारी काढून बघा. 20,810 मधून 3,368, म्हणजे साधारण 16 टक्के. तिथून 383, म्हणजे 11 टक्के. तिथून 21, म्हणजे साडेपाच टक्के. एकही आकडा नेमका दहा नाही. दहा टक्के हा ढोबळ अंदाज आहे. या विचाराचा पाया रेमंड लिंडेमन यांच्या 1942 च्या निबंधात आहे. पुस्तकातली गणिते सोपी व्हावीत म्हणून दहा धरतात. प्राणी कोणता, यावरही वाटा बदलतो. अंगाचे तापमान कायम राखणारे सस्तन प्राणी आणि पक्षी पचलेल्या ऊर्जेतली एक ते तीन टक्केच वाढीला लावू शकतात. मासे आणि कीटक यांना ती उब राखायची नसते, म्हणून त्यांच्या अंगाला जास्त लागते.

आता परीक्षेतला प्रश्न घेऊ. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार अशी अन्नसाखळी आहे. घारीला 2 ज्यूल ऊर्जा मिळाली, तर गवतात किती होती? मुले पाच सजीव मोजतात, पाच वेळा दहाने गुणतात आणि 2,00,000 लिहितात. पण मोजायचे सजीव नाहीत, त्यांच्यामधले बाण. बाण चारच आहेत. सापात 20, बेडकात 200, नाकतोड्यात 2,000 आणि गवतात 20,000 ज्यूल. उत्तर 20,000.

याच प्रश्नात "सूर्याकडून किती ऊर्जा आली होती?" असे जोडले की दुसरी चूक होते. मुले परत दहाने गुणतात. सूर्यापासून वनस्पतीपर्यंतच्या टप्प्याला दहा टक्क्यांचा नियम लागू नाही. तिथे पुस्तके साधारण एक टक्का धरतात. म्हणून इथे शंभराने गुणायचे : 20,00,000 ज्यूल. प्रश्नात वेगळा आकडा दिला असेल, तर तोच घ्यावा.

तिसरा प्रश्न फसवा असतो : मनोरा उलटा होऊ शकतो का? संख्येचा होऊ शकतो. एका आंब्याच्या झाडावर हजारो किडे असतात. खाली एक, वर हजार. ऊर्जेचा मात्र कधीच उलटा होत नाही. कारण किडे कितीही असले, तरी सगळ्यांनी मिळून वर्षभरात घेतलेली ऊर्जा ही त्या झाडाने बनवलेल्या ऊर्जेतलाच एक भाग असते. ऊर्जेचा मनोरा डोकी मोजत नाही, ठरावीक जागेतून ठरावीक काळात किती ऊर्जा गेली ते मोजतो.

घारीच्या वर आणखी चार पातळ्या का नसतात, तेही इथेच कळते. सिल्व्हर स्प्रिंग्जमधल्या त्या 21 मधून मोठ्या माशांचा स्वतःचा खर्च वजा केला की चौरस मीटरमागे जेमतेम 6 उरते. त्यावर जगणाऱ्याला पोट भरायला फार मोठा परिसर पालथा घालावा लागेल, आणि तेवढे फिरण्यातच मिळवलेले खर्च होईल.

राहिला "नष्ट झाली" या उत्तराचा प्रश्न. ऊर्जा नष्ट झालेली नाही. न खाल्लेली, न पचलेली आणि मेलेल्या शरीरांतली ऊर्जा विघटकांनी घेतली. तेही श्वसन करतात, म्हणून शेवटी जवळपास सगळीच उष्णता होते. झाडाचे पान उजेडावर अन्न बनवते, उष्णतेवर नाही. खत पुन्हा शेतात जाते, पाणी पुन्हा पावसात येते, पण ऊर्जा परत गवतात येत नाही. म्हणून सूर्य रोज उगवावा लागतो. मुलांनी उत्तरपत्रिकेत "नष्ट झाली" ऐवजी "उष्णतेच्या रूपात बाहेर पडली" असे लिहावे आणि तिन्ही वजावटी क्रमाने सांगाव्यात.