मूल्य घटले की युनिट्स घटली?

समजा, केशोरीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन खात्यातून, शुल्क वजा जाता, ५,००० रुपये समभागांच्या ‘ई’ योजनेत गेले. वाटपाच्या दिवशी युनिटचे मूल्य ५० रुपये असेल, तर विवरणपत्रात १०० युनिट्स जमा दिसली पाहिजेत. पुढील महिन्यात मूल्य ४० वर आल्यास तेवढ्याच रकमेत १२५ युनिट्स मिळतील. आता २२५ युनिट्सचे मूल्य ९,००० रुपये. गुंतवले मात्र १०,०००. ही घट बाजारभावाची. युनिट्स शाबूत आहेत.

युनिट्सच कमी झाली असतील, तर व्यवहारांच्या नोंदी तपासाव्यात. खाते सांभाळणाऱ्या अभिलेख संस्थेचे शुल्क युनिट्स वजा करून वसूल होते. योजना बदलल्यास वा रक्कम काढल्यासही त्या योजनेतील युनिट्स घटतात. यांपैकी एकही नोंद नसेल, तर तक्रार नोंदवावी.