उचल फिटली म्हणजे फिटली

पोळा झाला. घरातली ज्वारी संपत आली, नवं पीक अजून शेतात उभं आहे. नेमक्या याच दिवसांत मुकादम गावात येतो. बाजाराच्या दिवशी भेटतो, चहा पाजतो, हातावर पैसे ठेवतो आणि वहीत अंगठा घेतो. दिवाळी झाली की ट्रक येतो आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहाद्याकडची माणसं बायका-पोरांसह सुरत जिल्ह्यात ऊस तोडायला जातात. वैशाखात परत येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात पैसा नसतो, डोक्यावर ‘बाकी’ असते. पुढच्या पोळ्याला त्याच बाकीच्या धाकाने पुन्हा तोच मुकादम, तोच ट्रक.

ही बाकी येते कुठून आणि ती देणं लागतो का, एवढंच या अंकात बोलायचं आहे.

आधी एका कोयत्याचा हिशोब मांडू. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशोब डोक्यात राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत, तुमच्या कारखान्याचे खरे आकडे त्या जागी घालून बघा. समजा पोळ्याला १,००० रुपये उचल घेतली. जोडीने सहा महिन्यांत १५० दिवस काम केलं आणि रोज एक टन ऊस तोडला, म्हणजे १५० टन. तोडणीचा दर टनाला २० रुपये धरला तर मजुरी झाली ३,००० रुपये. मधल्या काळात मुकादमाने खावटीची ज्वारी दिली, ती ९०० रुपयांची. उचलीचे १,००० आणि ज्वारीचे ९०० वजा केले तर जोडीच्या हातात ११०० रुपये यायला पाहिजेत.

आता मुकादमाची वही बघा. उचलीवर त्याने दीडपट लावली, १,००० चे १,५०० झाले. ज्वारीवरही दीडपट, ९०० चे १,३५० झाले. ट्रकचं भाडं म्हणून १०० रुपये कापले. म्हणजे देणं झालं २,९५०. दुसऱ्या बाजूला टन १५० चे १३० च लिहिले, म्हणून मजुरी २,६०० च धरली. वही म्हणते, ३५० रुपये बाकी, पुढच्या वर्षी फेडा. अकराशे घेऊन येणारा माणूस साडेतीनशेचा कर्जदार होऊन घरी येतो. एकाच घरात १,४५० रुपयांचा फरक पडला, आणि त्यासाठी कुणाला काठी उगारावी लागली नाही. वही एकाच्याच हातात होती, तेवढं पुरलं.

या वहीबद्दल कायदा काय म्हणत होता? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ठेकेदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी १९७९ सालचा आंतरराज्यीय स्थलांतरित कामगार कायदा २०२५ पर्यंत होता. तो २ ऑक्टोबर १९८० पासून लागू झाला. पाच किंवा जास्त मजूर असले की तो लागायचा. त्यात ठेकेदार म्हणजे फक्त मोठा शेठ नव्हता. सरदार, एजंट, हाताखालचा ठेकेदार, कुठल्याही नावाने माणसं गोळा करणारा त्यात यायचा. म्हणजे आपला मुकादमही आला.

अशा ठेकेदाराला दोन परवाने लागायचे. जिथून माणसं उचलतो त्या राज्याचा एक, जिथे कामाला लावतो त्या राज्याचा दुसरा. शिवाय काम देणाऱ्या कारखान्याचीही नोंद झालेली असावी लागे. म्हणून उचल घेण्याआधी पहिला प्रश्न हा असायचा : परवाना कुठे आहे? नंबर सांगा. तो नंबर जिल्ह्याच्या कामगार कचेरीत जाऊन खरा-खोटा बघता यायचा. ‘कारखाना बघतो ते सगळं’ असं उत्तर आलं, तर परवाना नाही असं समजून चाला आणि त्या मुकादमाचं नाव, गाव आणि कारखाना लिहून ठेवा. परवाना नसला म्हणून मजुराचा हक्क जात नव्हता, गुन्हा त्याचा व्हायचा.

दुसरी गोष्ट पासबुक. प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं काम ठेकेदाराचं होतं. त्यात कामाची जागा, किती दिवसांचं काम, मजुरीचा दर, ती कशी मिळणार, परतीचं भाडं आणि केलेली प्रत्येक कपात लिहायची असायची. पासबुक मजुराजवळ राहायला हवं होतं. प्रत्येक मजुराला म्हणजे बाईलाही. मुकादमाच्या वहीत बाईचं नावच नसतं, ‘अमक्याचा कोयता’ एवढंच असतं. पहाटे उठून मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रक भरणारी बाई कागदावर नाहीच. नाव नाही, मग हात तुटला तरी भरपाई कुणाची मागणार? म्हणून टोळी बोलणी करील तेव्हा दोन नावं लिहून मागा, एक बाप्याचं, एक बाईचं.

तिसरी गोष्ट भाड्याची. घरापासून कामापर्यंत जाण्याचं आणि परत येण्याचं भाडं ठेकेदाराने द्यायचं होतं, आणि ते मजुरीतून कापायचं नव्हतं. प्रवासाचे दिवसही कामाचे धरायचे. शिवाय घर सोडून जावं लागतं म्हणून एक वेगळा भत्ता होता : महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यातला जो जास्त असेल तो, भरतीच्या वेळीच, आणि तो परत करायचा नव्हता. वरच्या हिशोबात जोडीची महिन्याची मजुरी ५०० रुपये, म्हणजे दोघांचा मिळून भत्ता २५० रुपये झाला असता. मुकादम याला उचलीत धरायचा.  उचल वेगळी, तो भत्ता वेगळा होता.

आता बाकीकडे येऊ. याच कायद्याचं एकोणिसावं कलम सांगत होतं की ठेकेदाराने किंवा मालकाने मजुराला दिलेलं कर्ज कामाची मुदत संपल्यावर शिल्लक राहता कामा नये. कामाच्या काळात घेतलेलं जे फिटलं नसेल ते मुदत संपताच संपलं असं धरायचं, आणि त्यासाठी मजुरावर कोर्टात दावा करता येत नाही. म्हणजे हंगाम संपला, की बाकी संपली. पुढच्या वर्षावर ती ओढून न्यायला कायद्यात जागाच नाही.

मुकादमाला शिकवणारे लोक आहेत. तो म्हणेल, उचल पोळ्याला दिली, काम दिवाळीनंतर सुरू झालं, मग हे कामाच्या काळातलं कर्ज कसं? त्याला विचारा, ऊस तोडायला येणार नाही म्हटलं असतं तर पैसे दिले असते का? उचल ही कामाच्या बोलीवरच दिलेली असते, ती मजुरीचाच आगाऊ भाग आहे. आणि ‘पैसे घेतलेत, दुसरीकडे कामाला जाता येणार नाही’ असं तो म्हणाला, तर त्याने स्वतःच्या तोंडाने दुसरा कायदा ओढवून घेतला. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा म्हणतो की आगाऊ रकमेपायी माणसाला बांधून ठेवणं ही वेठबिगारी आहे आणि तसलं कर्ज रद्द आहे. हे वेठीचं कर्ज आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर असतं, मजुरावर नाही. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८२ साली असंही सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेलं काम हे बळजबरीचंच काम. दीडपटीबद्दल एवढंच : सावकारीचा परवाना नसताना व्याजाचा धंदा करता येत नाही. मुकादमाकडे तो आहे का, विचारून बघा.

पण कायदा आपल्या बाजूला असला तरी पुरावा मुकादमाच्या बाजूला असतो. तो आपल्याकडे आणायला एक शाळेची वही पुरते. प्रत्येक टोळीने शिकलेल्या एका पोराकडे किंवा पोरीकडे हे काम द्यावं. रोज चार गोष्टी लिहायच्या : ट्रकचा नंबर, कारखान्याच्या काट्यावरचं वजन, टोळीत त्या दिवशी किती कोयते होते, आणि खावटी कुणी किती घेतली. काट्याची पावती मुकादमाकडे जाते, ती परत आली की लगेच बघायला मागा. टनाची चोरी बहुतेक वेळा वजनात होत नाही, वाटणीत होते. टोळीत वीस कोयते असताना वाटणी बावीसात होते, आणि वरचे दोन मुकादमाच्या घरचे असतात. कोयत्यांची संख्या रोज लिहिली की हे लपत नाही.

या कायद्याच्या हद्दीही माहीत पाहिजेत. आपल्याच राज्यातल्या कारखान्यावर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात वगैरे तोडीला गेलात तर राज्याची सीमा ओलांडली जात नाही, म्हणून १९७९ चा कायदा लागत नव्हता. तिथे किमान वेतन, वेठबिगारी आणि ठेका मजुरांचा कायदा यांच्यावरच भिस्त होती. कुणी ठेकेदाराशिवाय आपल्या आपण गुजरातेत काम शोधायला गेला, तर त्यालाही हा कायदा लागत नव्हता. आणि कारखाना म्हणेल की ही माणसं मुकादमाची, आमची नाहीत. त्याला सांगायचं : तोडीचा कार्यक्रम तुमचा, ट्रक तुमचा, काटा तुमचा, ऊस तुमच्याच गव्हाणीत पडतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची आहे, हेही कायद्यात आहे.

त्या कायद्याखाली तक्रार करायला परत सुरतेला जावं लागत नव्हतं. घरी आल्यावर सहा महिन्यांच्या आत आपल्याच राज्यात वाद मांडता यायचा. वैशाखात आलेल्यांना मुदत साधारण दिवाळीपर्यंत असायची. पण मधे श्रावण येतो, पोळा येतो, आणि नवी उचल घेतली की जुनी तक्रार तोंडातच राहते. म्हणून तक्रार पेरणीआधीच करा. वेठीच्या कर्जाची तक्रार तहसीलदार किंवा कलेक्टरकडे. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवून तिच्यावर पोहोच घ्या.

शेवटी जमिनीचं. काही गावांत उचलीच्या बदल्यात शेताचा कागद ठेवून घेतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गहाण, खंडाने किंवा विकत जायची तर कलेक्टरची परवानगी लागते, हे जमीन महसूल कायद्याच्या ३६-अ कलमात आहे. परवानगीशिवाय घेतलेला गहाणाचा कागद टिकत नाही. असा कागद ज्यांनी दिला आहे त्यांनी ट्रकमध्ये बसण्याआधी संघटनेत येऊन सर्व्हे नंबर, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव लिहून द्यावं. ऊस तोडून परत याल तेव्हा पेरायला जमीन हाताखाली असली पाहिजे.